घरी नीट चालणारी फिल्म हॉलमध्ये बिघडते तेव्हा: संवाद, पेन ड्राइव्ह आणि पडद्यावरचं चित्र

मंडळाचा वर्धापनदिन, सोसायटीचा सुवर्णमहोत्सव, कॉलेजचा लघुपट महोत्सव, एकांकिकेचं चित्रीकरण. मुंबईत दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये असं काहीतरी पडद्यावर दाखवलं जातं. तक्रारीही त्याच त्याच येतात. संगीत ऐकू येतं पण निवेदन येत नाही. पेन ड्राइव्ह लावला तर फाइल दिसतच नाही. पडद्यावर चित्र चेपलेलं दिसतं. यातल्या बहुतेक गोष्टींचं मूळ हॉलमध्ये पोहोचण्याआधीच ओळखता येतं, आणि जे हॉलमध्येच कळणार आहे तेही दोन मिनिटांत तपासता येतं.

सगळं एकाच उदाहरणावर बघू. दादरमधला सपाट जमिनीचा, साधारण ३०० खुर्च्यांचा हॉल आहे. छताला पंखे, मागच्या बाजूला मिक्सर, वर टांगलेला प्रोजेक्टर. मंडळाच्या इतिहासावरची ४२ मिनिटांची फिल्म दाखवायची आहे. ती १९२०×१०८० मध्ये, सेकंदाला २५ फ्रेम अशी एडिट झाली आहे आणि मास्टर फाइल `ProRes 422` मध्ये काढली आहे. ही मास्टर सुमारे ३८ जीबीची होते. ती जपून ठेवायची, हॉलमध्ये न्यायची नाही.

संवाद गायब, संगीत चालू

हा सगळ्यात फसवा बिघाड आहे, कारण आवाज येत तर असतो. गाणं वाजतं, टाळ्या ऐकू येतात, पण निवेदक आणि मुलाखत देणारी माणसं दूरवरून, पोकळ बोलल्यासारखी वाटतात किंवा अजिबात ऐकू येत नाहीत. साऊंडवाला फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी, वर नेतो, तर संगीतच आणखी मोठं होतं. मग फिल्मवाला आणि साऊंडवाला एकमेकांकडे बोट दाखवतात.

बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो, मधल्या केबलचा असतो. लॅपटॉपच्या हेडफोन पिनला तीन भाग असतात: टोकावर डावा आवाज, मधल्या कड्यावर उजवा आणि मागे अर्थिंग. हीच केबल दुसऱ्या टोकाला एकाच मोठ्या जॅकने मिक्सरच्या एका बॅलन्स्ड इनपुटमध्ये खोचली, की मिक्सर त्या तीन भागांचा वेगळा अर्थ लावतो. त्याच्या दृष्टीने टोकावर आणि कड्यावर एकच सिग्नल सुलटा आणि उलटा येतोय, म्हणून तो दोन्हींतला फरक तेवढा पुढे पाठवतो. संवाद डाव्या-उजव्या दोन्हींत अगदी सारखा असतो, त्यामुळे त्याचा फरक शून्य येतो. संगीतात दोन्ही बाजू थोड्या वेगळ्या असतात, म्हणून ते उरतं.

खात्री करायला विंडोज लॅपटॉपवर `Settings > System > Sound` मध्ये जाऊन चालू असलेलं आऊटपुट उघडा. तिथे `Left channel` आणि `Right channel` असे दोन स्लायडर असतात. त्यातला उजवा शून्यावर आणा. त्याच क्षणी निवेदन खणखणीत ऐकू आलं, तर केबलच चुकीची आहे. दुसरी केबल मिळण्यासारखी नसेल तर कार्यक्रम तसाच चालवता येतो. उजवीकडचं थोडं संगीत जाईल, पण बोलणं पूर्ण ऐकू येईल.

कायमचा इलाज म्हणजे वाय केबल: एका बाजूला ३.५ मिमीची स्टिरिओ पिन, दुसऱ्या बाजूला ६.३५ मिमीचे दोन मोनो जॅक. हे दोन जॅक मिक्सरच्या दोन चॅनलमध्ये जातात. लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही ऑडिओच्या दुकानात ही केबल मिळते. हॉलवाल्याकडे असेलच असं धरून चालू नका, स्वतःच्या बॅगेत ठेवा.

केबल बरोबर असूनही संवाद जात असतील तर दोष फाइलमध्ये आहे. बहुतेक हॉलमध्ये डावा-उजवा आवाज शेवटी एकत्र करून सगळ्या स्पीकरना एकच दिला जातो. शूटिंगच्या वेळी एका माइकची वायरिंग उलटी असेल आणि तो क्लिपच्या एका बाजूला बसला असेल, तर दोन्ही बाजू एकत्र होताच एकमेकींना खोडून टाकतात. हेडफोनवर हे कळत नाही, फार तर आवाज डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटतो. म्हणून घरीच `ffmpeg` या आज्ञा टाइप करून चालवायच्या मोफत प्रोग्रॅमने दोन्ही बाजू एकत्र करून ऐकायचं:

```
ffmpeg -i master.mov -vn -af "pan=mono|c0=0.5*c0+0.5*c1" mono_test.wav
```

ही फाइल पूर्ण ऐका. एखाद्या मुलाखतीत आवाज एकदम बारीक झाला, तर एडिटमध्ये त्या क्लिपच्या एका चॅनलचा फेज उलटा करा किंवा चांगला असलेला एकच चॅनल दोन्हीकडे वापरा. मिक्स ५.१ मध्ये झालं असेल तर निवेदन मधल्या चॅनलमध्ये असतं, आणि काही प्लेअर फक्त पहिले दोन चॅनल वाजवतात. हॉलसाठीची फाइल स्टिरिओच हवी.

आवाज अजिबात येत नसेल तर आधी साधी गोष्ट बघा. एचडीएमआय केबल लावताच लॅपटॉप आपला आवाज प्रोजेक्टरकडे वळवतो. घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावरून आऊटपुट परत हेडफोनवर आणा.

आवाजाबरोबर सतत घूंऽऽ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घूं थांबली तर अर्थिंगचा प्रश्न आहे. फिल्म संपेपर्यंत बॅटरी पुरत असेल तर चार्जर काढूनच चालवा, नाहीतर साऊंडवाल्याकडे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स मागा. प्लगचं अर्थिंग तोडून घूं घालवण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. तो धोक्याचा आहे, कुणाला करू देऊ नका.

आवाजाची पातळी: एकूण आकडा बरोबर, तरी निवेदन बुडालेलं

आपल्या फिल्मचा आवाज मोजला तेव्हा एकूण लाउडनेस, म्हणजे कानाला जाणवणारी पातळी, −२०.५ आला. ही पातळी एलयूएफएस या एककात मोजतात, आणि आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा. हॉलसाठी हा आकडा जवळजवळ बरोबर आहे. तरीही पंखे चालू असलेल्या हॉलमध्ये निवेदन कळणार नाही, कारण हा संपूर्ण ४२ मिनिटांचा हिशेब आहे आणि गाण्याचे मोठे भाग तो वर ओढतात. म्हणून निवेदनाचं एक मिनिट आणि गाण्याचं एक मिनिट वेगळं मोजायचं. सहाव्या मिनिटापासून पुढचं एक मिनिट असं मोजता येतं:

```
ffmpeg -ss 00:06:00 -t 60 -i master.mov -vn -af ebur128=peak=true -f null -
```

शेवटी जो सारांश छापला जातो त्यात `I` म्हणजे लाउडनेस आणि `Peak` म्हणजे सर्वात उंच टोक. आपल्या फिल्मचं निवेदन निघालं −२७ आणि ढोलताशाचा भाग −१६. म्हणजे ११ ची दरी. साऊंडवाल्याने निवेदन ऐकू यावं म्हणून फेडर वर नेला की मिरवणूक आली रे आली, पहिल्या रांगेतले आजोबा कानावर हात ठेवणार. तो खाली आणला की पुढचं निवेदन पुन्हा गायब. ही दरी हॉलमध्ये भरून निघत नाही, ती एडिटमध्येच कमी करावी लागते.

आपण निवेदन आणि मुलाखतींचा ट्रॅक ८ डेसिबलने वर घेतला आणि त्यावर −३ डेसिबलला थांबणारा लिमिटर लावला, म्हणजे एखादा जोरात आलेला शब्द फाटणार नाही. ढोलताशाचे आणि गाण्याचे भाग ४ डेसिबलने खाली आणले. आता निवेदन −१९ आणि संगीत −२०, दोन्ही शेजारी शेजारी आले. हेडफोनवर हे मिक्स थोडं सपाट वाटेल. हरकत नाही, हेडफोनवाल्यांसाठी वेगळी फाइल ठेवा. एकूण −१८ ते −२० एलयूएफएस आणि सर्वात उंच टोक −२ च्या खाली, एवढं जमलं की पुरे. टोक शून्यापर्यंत नेऊ नका. `AAC` मध्ये बदलताना ते आणखी थोडं वर जातं आणि आवाज फाटतो.

निवेदनाखाली वाजणाऱ्या संगीताकडे वेगळं लक्ष द्या. घुमणाऱ्या हॉलमध्ये प्रत्येक अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर येते आणि खालचं संगीत त्यात भर घालतं. हे संगीत निवेदनापेक्षा निदान १५ डेसिबलने खाली ठेवा, आणि शक्य असेल तिथे बोलणं चालू असताना संगीत काढूनच टाका. निवेदनावर १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापणारा फिल्टर लावला की पुरुषी आवाजातला जो भाग हॉलमध्ये नुसता घुमतो, तो जातो. शब्द साफ होतात.

रिकाम्या हॉलमध्ये पातळी लावताना एक लक्षात ठेवा. माणसं बसल्यावर हॉल कमी घुमतो, पण कुजबुज, खुर्च्यांची करकर आणि पंख्यांचा आवाज वाढतो. म्हणून फेडर शेवटपर्यंत वर नेऊन पातळी लावू नका. तो दोन-तृतीयांशावर असतानाच निवेदन मागच्या रांगेत स्पष्ट यायला हवं, म्हणजे गर्दी झाल्यावर वर न्यायला जागा उरते. आणि ऐकायला मागच्या रांगेत स्वतः जाऊन बसा. मिक्सरपाशी उभं राहून अंदाज येत नाही.

पेन ड्राइव्ह: फाइल दिसत नाही, दिसते पण चालत नाही

आधी विचारा, पेन ड्राइव्ह लागणार कशाला? प्रोजेक्टरला यूएसबीचं भोक आहे म्हणजे त्यावर व्हिडिओ चालतोच असं नाही. अनेक प्रोजेक्टरमध्ये ते फक्त फोटो दाखवायला किंवा वायरलेसचा तुकडा लावायला असतं. आणि चालला तरी आवाज प्रोजेक्टरमधून बाहेर पडणार, जो छताला टांगलेला आहे. तिथून मिक्सरपर्यंत ऑडिओ केबल आहे का, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या. नसेल तर लॅपटॉप लागणारच. आमचं स्पष्ट मत असं की लॅपटॉप मिक्सरशेजारी ठेवावा, फाइल पेन ड्राइव्हवरून त्याच्या डिस्कवर कॉपी करून तिथूनच चालवावी, आणि पेन ड्राइव्ह राखीव म्हणून जवळ असावा.

काही हॉलमध्ये मात्र मीडिया प्लेअर किंवा मोठा टीव्ही असतो आणि तिथे पेन ड्राइव्हच लागतो. त्यासाठी ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन `FAT32` मध्ये फॉरमॅट करा. आतलं सगळं पुसलं जाईल, तेव्हा आधी रिकामा करून घ्या. `exFAT` जुनी यंत्रं ओळखत नाहीत, `NTFS` चंही तसंच. मॅकवर फॉरमॅट करत असाल तर `Scheme` मध्ये `Master Boot Record` निवडा, नाहीतर पेन ड्राइव्ह मॅकवर दिसतो आणि प्लेअरला रिकामा वाटतो.

`FAT32` वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहू शकत नाही, मग पेन ड्राइव्हवर कितीही जागा असो. आपली ४२ मिनिटांची फिल्म १५ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला १५ मेगाबिट या दराने, काढली तर सुमारे ४.८ जीबीची होते आणि कॉपी करताना विंडोज फाइल मोठी असल्याचं सांगून थांबतं. १० एमबीपीएसने काढली तर ३.२ जीबीच्या आसपास बसते. हॉलच्या पडद्यावर या दोन्हींतला फरक शोधूनही सापडणार नाही. फिल्म साधारण तासाची असेल तर ८ एमबीपीएस घ्या. त्याहून लांब असेल तर मध्यंतरावर दोन भाग करा.

मास्टरवरून हॉलची फाइल अशी काढायची:

```
ffmpeg -i master.mov -map 0:v:0 -map 0:a:0 \
 -c:v libx264 -profile:v high -level 4.0 -pix_fmt yuv420p \
 -b:v 10M -maxrate 12M -bufsize 12M \
 -c:a aac -b:a 256k -ar 48000 -ac 2 \
 -movflags +faststart 02_FILM.mp4
```

विंडोजवर ही आज्ञा एका ओळीत लिहा आणि ओळीच्या शेवटचे तिरके दांडे काढून टाका. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून थेट काढत असाल तर हेच पर्याय निवडा: `H.264`, `High`, `4.0`, ८ बिट, `AAC` स्टिरिओ, ४८ किलोहर्ट्झ. फक्त आवाज येतो आणि चित्र काळं राहतं, किंवा `Unsupported` असं काही दिसतं, तेव्हा फाइल जवळजवळ नेहमी `HEVC` किंवा १० बिटमध्ये निघालेली असते. नव्या फोनवरचं चित्रीकरण बऱ्याचदा तसंच असतं. ते थेट पेन ड्राइव्हवर टाकू नका. फोनच्या क्लिपमध्ये फ्रेमचा वेगही कमीजास्त होत असतो, म्हणून लांब मुलाखतीत हळूहळू ओठ पुढे आणि आवाज मागे असं होतं. अशा क्लिप एडिटला घेण्याआधीच स्थिर २५ फ्रेमवर आणून घ्या. तयार फिल्ममध्ये नंतर ही दुरुस्ती फार किचकट होते.

फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, छोटं, आकड्याने सुरू होणारं ठेवा. देवनागरी नावाच्या जागी काही प्लेअर चौकोन दाखवतात, आणि एका पाठोपाठ एक फाइली असतील तर कुठली कुठली तेच कळत नाही. मॅकवरून कॉपी केलं असेल तर `._02_FILM.mp4` अशी काही केबींची जुळी फाइल प्लेअरच्या यादीत दिसते. ऑपरेटरने ती निवडली की फाइल खराब आहे असं वाटतं. तिला आधीच पुसून टाका.

मराठी उपशीर्षकं वेगळ्या `.srt` फाइलमध्ये कधीच देऊ नका. प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्ट नसेल तर चौकोन येतात. फॉन्ट असला तरी कित्येकदा जोडाक्षरं सुटी पडतात आणि वेलांटी भलत्या अक्षरावर बसते. ती चित्रातच उमटवून एक्सपोर्ट करा.

कॉपी झाल्यावर पेन ड्राइव्ह `Eject` करूनच काढा, मग परत लावून फिल्मचं शेवटचं मिनिट चालवून बघा. अर्धवट कॉपी झालेली फाइल सुरुवातीला व्यवस्थित चालते आणि मध्येच थांबते, त्यामुळे पहिलं मिनिट पाहून काही सिद्ध होत नाही.

चित्र: १०८० की आणखी काही

फाइल १९२०×१०८० चीच काढा, प्रोजेक्टर कुठलाही असो. पण त्याचं मूळ रेझोल्यूशन किती ते विचारा. जाहिरातीत १०८० चालतं असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ तो ते घेतो एवढाच. आत १२८०×८०० असेल तर आपलं चित्र १२८०×७२० वर बसतं आणि वरखाली बारीक काळ्या पट्ट्या राहतात. आत १०२४×७६८ असेल तर उरतात १०२४×५७६. मूळ फाइलमध्ये ५४ पिक्सेल उंच असलेलं नाव या दोन ठिकाणी ३६ आणि २९ पिक्सेलचं होतं. देवनागरीत मात्रा, रफार, उकार सगळं त्याच उंचीत बसवायचं असतं, म्हणून ५४ ही आपली खालची मर्यादा धरा आणि बारीक रेघांचा फॉन्ट टाळा.

चित्र उभट किंवा चेपलेलं दिसलं तर फाइलला हात लावू नका. प्रोजेक्टरच्या मेन्यूत `Aspect` हे `4:3` किंवा `Full` वर अडकलेलं असतं, ते `Auto` किंवा `16:9` करा. चारही बाजूंनी काळी चौकट दिसत असेल तर मात्र पट्ट्या फाइलमध्येच आहेत. जुनी ४:३ ची फिल्म १६:९ मध्ये काढून ४:३ च्या प्रोजेक्टरवर दाखवली की असं होतं. अशा वेळी तिची १४४०×१०८० ची आणखी एक फाइल सोबत ठेवा.

सपाट जमिनीच्या हॉलमध्ये पडद्याचा खालचा भाग पुढच्यांच्या डोक्यांमागे जातो. उपशीर्षकं आणि नावाच्या पट्ट्या तळापासून १५ टक्के वर घ्या. खिडक्यांचे पडदे नीट न लागणाऱ्या हॉलमध्ये दुपारच्या सत्राला काळा रंग राखाडी होतो आणि रात्रीचे प्रसंग वाचता येत नाहीत. त्यासाठी गडद प्रसंगांचा मधला भाग थोडा उजळ केलेली प्रत काढा. काळा तसाच ठेवा, नाहीतर सगळंच धुरकट दिसेल.

हॉल ताब्यात आल्यावर

दोन सत्रांच्या मधे वेळ थोडा मिळतो, त्यामुळे पूर्ण फिल्म चालवून बघणं होत नाही. त्यासाठी एक मिनिटाची `01_TEST.mp4` बनवा. आधी डाव्या बाजूला "डावीकडे", उजव्या बाजूला "उजवीकडे" असा बोललेला आवाज, मग फिल्ममधलं सर्वात हळू निवेदन, मग ढोलताशाचा सर्वात मोठा तुकडा. चित्रात अगदी कडेला चारही बाजूंनी एक रेघ, मधोमध एक गोल, आणि फिल्ममधलं सर्वात लहान अक्षर असलेली एक ओळ.

ही फाइल चालली की गोल लांबट दिसतो का ते बघा, दिसला तर `Aspect` चुकलं आहे. एखादी रेघ गायब असेल तर कड कापली जातेय. प्रोजेक्टरच्या मेन्यूत `Overscan` बंद करा. डावी-उजवी दोन्ही ऐकू येतात पण त्यानंतरचं निवेदन बुडतं, म्हणजे केबलच चुकीची. एकच बाजू येत असेल तर वाय केबलचा एक जॅक सैल आहे किंवा मिक्सरवर तो चॅनल बंद आहे. निवेदनावर फेडर लावून घ्या आणि ढोलताशा आला तरी त्याला हात लावू नका. आवाज सुसह्य राहिला तर तीच जागा, फेडरशेजारी चिकटपट्टी लावून पेनाने खूण करा, कारण फिल्मच्या आधी भाषणं होतील आणि मिक्सरवरचं सगळं हलेल.

चित्र अधूनमधून काळं होऊन परत येत असेल तर संशय लांब एचडीएमआय केबलवर घ्या. छतावरून आलेली साधी केबल १५ मीटरच्या पुढे गेली की १०८० ला डळमळते. लॅपटॉपचं आऊटपुट १२८०×७२० वर आणून बघा, बहुतेक वेळा चित्र स्थिर होतं. फाइल तीच राहू द्या.